स्लाइडवरची देवनागरी : बिघाडाचे तीन थर

नांदगावच्या एखाद्या शिक्षकाने घरच्या लॅपटॉपवर ‘शेतकऱ्यांसाठी ॲप’ असे शीर्षक टंकले आणि ती स्लाइड पेन ड्राइव्हवरून सभागृहातल्या जुन्या संगणकावर लावली, असे समजू. पडद्यावर काहीतरी बिघडलेले दिसते आणि ‘फॉन्ट नाही’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. पण बिघाड नेहमी फॉन्टचाच असतो असे नाही. तो अक्षरांच्या साठवणीत, फॉन्टच्या निवडीत किंवा चौकटीतल्या जागेत असू शकतो आणि या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

१. साठवण

स्लाइडवर ejkBh असे काही दिसले, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तो फॉन्ट असेल तर ‘मराठी’ दिसते, नसेल तर खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. इथे दुसरा देवनागरी फॉन्ट लावून भागत नाही. मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो.

युनिकोडमध्येही दोन जागा सांभाळायच्या. ‘शेतकऱ्यांसाठी’मधला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो :

```
ऱ्य = U+0931 U+094D U+092F
र्‍य = U+0930 U+094D U+200D U+092F
```

दोन्ही दिसतात सारखेच. पण दुसऱ्या प्रकारातले U+200D हे अदृश्य चिन्ह मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना गळू शकते. मग रफार य वर चढतो आणि ‘शेतकर्यांसाठी’ उरते. त्या वेळी फॉन्ट बदलून काही उपयोग नाही. पहिला प्रकार टिकाऊ आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ Shift+J ने मिळतो.

‘ॲ’ला युनिकोडमध्ये U+0972 हे स्वतंत्र स्थान २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये हे अक्षर नसल्यास त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो. याउलट ‘अ’पुढे सुटा चंद्र टंकला असेल, तर अनेक संगणकांवर त्या चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. चौकोन दिसला की दोष फॉन्टचा आणि वर्तुळ दिसले की बहुधा टंकनाचा, एवढे लक्षात ठेवले तरी निदान सोपे होते.

२. निवड

पॉवरपॉइंटच्या .pptx फाइलमध्ये रोमन आणि देवनागरी मजकुरासाठी फॉन्टचे नाव वेगवेगळे नोंदवलेले असते. फाइलच्या प्रतीचे नाव .zip करून ppt/slides मधली slide1.xml उघडली, तर असे काही सापडते :

```xml
<a:latin typeface="Mukta"/>
<a:cs typeface="Mukta"/>
```

देवनागरीसाठी दुसरी ओळ कामाची. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलमध्ये ती नसली, तर ‘मुक्ता’ निवडलेला असूनही देवनागरी थीममधल्या फॉन्टकडे जाते. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये तिथे ‘मंगल’ लिहिलेले असते. विंडोज १०पासून मंगल ऐच्छिक फॉन्टांच्या गटात गेला, म्हणून तो प्रत्येक संगणकावर असेलच असे नाही. नसेल तिथे निर्मला यूआय किंवा दुसरा कुठला तरी फॉन्ट परस्पर लागतो.

यावर उपाय दोन. विंडोजवर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या वाटेने जाऊन फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करावा. त्यात फक्त वापरलेली अक्षरे न घेता सगळी घ्यावीत, म्हणजे दुसरीकडे ऐनवेळी शब्द बदलता येतो. मात्र फॉन्टच्या निर्मात्याने अंतर्भूत करण्याची परवानगी दिलेली असावी लागते, आणि फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरलाही असा फॉन्ट वाचता आला पाहिजे. म्हणून दुसरा उपाय जोडीला हवा. मुक्तासारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट निवडून त्याची फाइल पेन ड्राइव्हमध्ये सोबत न्यावी.

३. जागा

बदली फॉन्टने अक्षरे शुद्ध दिसली, तरी त्यांची रुंदी आणि ओळीची उंची बदलते. देवनागरीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. ओळींतले अंतर ‘एक्झॅक्टली’ने ठरावीक पॉइंटांत बांधले असेल, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडू शकतो. म्हणून अंतर पटीत द्यावे, शीर्षक दोन ओळींचे झाले तरी मावेल एवढी चौकट ठेवावी आणि ओळ तोडण्यासाठी मध्येच एंटर मारू नये.

पीडीएफ प्रत या तिन्ही अडचणी दाखवण्यापुरत्या टाळते. पण तिच्यात ॲनिमेशन चालत नाही आणि तिच्यातून उचललेली देवनागरी पुष्कळदा विस्कटते. त्यामुळे पीडीएफ हाताशी असावी, मूळ फाइल म्हणून नव्हे.

फाइल पाठवण्याआधी ‘शेतकऱ्यांसाठी ॲप’ एवढेच शब्द दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. रफार, चौकोन, वर्तुळ आणि चौकटीची कड या चार जागा तपासल्या, की कोणता थर दुरुस्त करायचा ते कळते.