दोन नळांमधले अंतर

पाणथळ शेताखाली सच्छिद्र नळ गाडून भूजल खाली उतरवायचे, हा उपाय जुना आहे. पण दोन नळांमध्ये अंतर किती ठेवायचे, याचे उत्तर फार काळ अंदाजानेच दिले जात होते. स्कॉटलंडमधील डीनस्टनच्या जेम्स स्मिथ यांनी 1831 साली आपली पद्धत छापली. चर उथळ घ्यायचे, जवळजवळ घ्यायचे आणि त्यांत दगड भरायचे, असे ते सांगत. पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये जोसाया पार्क्स यांनी उलटा सल्ला दिला: चार फूट खोल जा आणि अंतर वाढवा. दोघांच्याही पाठीराख्यांकडे सुधारलेली शेते होती, कारण त्यांची माती वेगळी होती. पार्क्स यांची पद्धत जड चिकणमातीत नेली की ती अडखळे. वाद खोलीचा वाटत होता. खरे तर पाणी मातीतून किती वेगाने सरकते हे मोजण्याची सोय कोणाकडेच नव्हती.

ती सोय 1856 साली फ्रान्समध्ये झाली. वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम आंरी दार्सी यांनी मांडला. त्याच्या आधारे कोपनहेगनचे शहर अभियंता लुडविग कोल्डिंग यांनी 1872 साली शेतनिचऱ्याचा हिशेब मांडला. पाऊस जितका मुरतो तितकाच नळातून बाहेर पडतो असे धरले, तर दोन नळांमध्ये भूजलाचा माथा कमानीसारखा उभा राहतो आणि त्या कमानीचा आकार लंबवर्तुळाचा असतो, असे त्यांनी दाखवले. कमानीचा सर्वोच्च बिंदू बरोबर मध्यावर असतो. तो पिकाच्या मुळांखाली राहील इतके अंतर काढायचे, एवढाच प्रश्न उरला.

पण या हिशेबात एक गृहीतक होते: पाणी सरळ आडवेच वाहते. पाणी न मुरणाऱ्या थरापर्यंत खोल गेलेला उघडा चर असेल, तर ते चालते. नळ मात्र त्या थराच्या बराच वर, मातीत मधोमध असतो. त्याच्या खालचे पाणी आधी आडवे येते, मग नळाजवळ चहूबाजूंनी एका अरुंद जागेत शिरू पाहते. तेथे वाट निमुळती होते आणि अडथळा वाढतो. आडव्या वाहण्याचे सूत्र हा अडथळा मोजतच नाही. म्हणून ते नेहमी गरजेपेक्षा जास्त अंतर सांगते.

ही गाठ नेदरलँड्समध्ये सुटली. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनी निचऱ्याशिवाय पिकत नसल्याने तेथे हा प्रश्न रोजचा होता. ग्रोनिंगेनच्या मृदाशास्त्र संस्थेतील एस. बी. होगहाउट यांनी 1940 साली जो निबंध छापला, त्यातली युक्ती साधी होती. नळाजवळच्या वक्र वाटा सोडून द्यायच्या. त्याऐवजी पाणी न मुरणारा थर खऱ्यापेक्षा वर आहे असे मानायचे. किती वर? नळाजवळचा जादा अडथळा भरून निघेल इतका. या मानीव खोलीला त्यांनी सममूल्य खोली म्हटले, आणि आडव्या प्रवाहाचे सोपे सूत्र पुन्हा कामाला लावले:

L² = (8·K·d·h + 4·K·h²) / q

L म्हणजे दोन नळांमधले अंतर, K म्हणजे मातीची जलवाहकता (दिवसाला मीटर), d सममूल्य खोली, h म्हणजे मध्यावर भूजलाची नळाच्या पातळीपासूनची उंची, आणि q म्हणजे दररोज काढून टाकायचे पाणी. पहिले पद नळाखालून येणाऱ्या पाण्याचे, दुसरे नळाच्या वरून येणाऱ्याचे.

अडचण एकच: d स्वतः L वर अवलंबून असते. अंतर जितके कमी, तितका वक्र वाटांचा वाटा मोठा आणि d लहान. म्हणून एक अंतर धरायचे, त्याची d काढायची, त्यावरून नवे अंतर काढायचे, आणि उत्तर थांबेपर्यंत हे करत राहायचे. लॉगरिदमची ही उठाठेव वाचावी म्हणून होगहाउट यांनी d चे तयार तक्ते दिले.

एक हिशेब करून पाहू. जड काळी माती, K दिवसाला 0.1 मीटर. नळ 1.5 मीटर खोल, त्रिज्या 5 सेंटिमीटर, आणि न मुरणारा थर नळाखाली 3 मीटर. भूजल जमिनीपासून 0.9 मीटर खाली हवे, म्हणून h = 0.6 मीटर. बागायतीतले जादा पाणी दररोज 2 मिलिमीटर धरू. नळाजवळचा अडथळा विसरून, d ऐवजी पूर्ण 3 मीटर घातले तर अंतर 28 मीटर येते. आता 28 मीटरला d निघते 1.66 मीटर, तिच्यावरून अंतर 21.7. त्या अंतराला d येते 1.47, म्हणून अंतर 20.6. आणखी एकदा केले की 20.4. खरे उत्तर 20 मीटर.

28 मीटर अंतर ठेवले तर हेक्टरी सुमारे 360 मीटर नळ लागतो, 20 मीटर ठेवले तर 500. बचत डोळ्यांत भरते. पण 28 मीटरवर टाकलेले नळ मध्यभागी पाणी 0.9 ऐवजी जेमतेम 0.58 मीटरवर थांबवतात, आणि पिकाची मुळे ओलीच राहतात. उलट K पाचपट, म्हणजे 0.5 असेल, तर हेच सूत्र 54 मीटर सांगते.

म्हणजे सारे K वर अडते. होगहाउट यांनी 1936 साली ती मोजण्यासाठी भोकाची पद्धतही दिली होती. भूजलाखाली जाईल इतके भोक ऑगरने घ्यायचे, पाणी स्थिर होऊ द्यायचे, मग उपसून पातळी किती वेगाने वर येते ते घड्याळ लावून मोजायचे. चिकणमातीत ऑगर फिरताना भोकाच्या भिंती लिंपून जातात आणि K खोटी कमी दिसते. म्हणून दोनतीनदा उपसून भिंती मोकळ्या झाल्यावरच नोंद घ्यावी. एकाच शेतात दोन भोकांची उत्तरे कितीतरी वेगळी येतात, म्हणून भोके अनेक हवीत.

सूत्राला मर्यादा आहेत. ते रोज सारखे पाणी मुरते असे धरते. युरोपातल्या हिवाळी पावसाला ते शोभते. पाणी देताना भूजल उसळते आणि मग उतरते, अशा बागायतीसाठी अमेरिकेत 1954 साली ग्लोव्हर आणि डम यांचे वेगळे सूत्र आले.

महाराष्ट्रात हा प्रश्न जुनाच आहे. नीरा कालव्याखालच्या खाऱ्या जमिनींवर हॅरल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांचा अहवाल 1910 सालचा आहे, आणि आज कृष्णाकाठच्या क्षारपड ऊसपट्ट्यात भूमिगत निचरा घातला जातो. तो घातल्यावर काम झाले की नाही, हे दोन भोकांनी कळते. एक नळाच्या शेजारी घ्या, दुसरे दोन नळांच्या मध्यावर. नळाशेजारी पाणी खाली आणि मध्यावर वर असेल, तर अंतर जास्त झाले आहे. दोन्हीकडे वर असेल, तर नळ किंवा त्याभोवतीचा फिल्टर गाळाने बुजला आहे, अथवा शेवटच्या नाल्याला उतार नाही. तेथे जवळजवळ नळ टाकून पैसे घालवू नका.

म्हणून निचऱ्याचे काम देताना ठेकेदाराला मीटरचा भाव विचारण्याआधी विचारा: आमच्या शेताची K किती आली, किती भोकांतून, आणि न मुरणारा थर किती खोल लागला? या तिन्हींचे उत्तर नसताना सांगितलेले अंतर शेजाऱ्याच्या शेताचे असते.