ब्रँड उद्देश

ब्रँड उद्देश म्हणजे नफ्याव्यतिरिक्त आपण समाजासाठी काय करतो याविषयी कंपनीने स्वीकारलेली भूमिका. घोषवाक्य ही त्या भूमिकेची केवळ शाब्दिक अभिव्यक्ती असते. उद्देश खरा असेल तर कंपनीला त्यापायी काहीतरी सोडावे लागते, घोषवाक्याला मात्र जाहिरातीपलीकडे खर्च नसतो. त्यामुळे कंपनीचा दावा तपासताना तिने त्यासाठी काय सोडले, पैसा कोठे गुंतवला आणि ही भूमिका अन्य ठिकाणीही पाळली का, हे तीन प्रश्न उपयोगी पडतात.

त्याग

औषधविक्री करणाऱ्या 'सीव्हीएस' या अमेरिकन कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये आपल्या दुकानांतील तंबाखूविक्री थांबवण्याचे जाहीर केले. आरोग्यसेवा देणाऱ्याने सिगारेट विकणे विसंगत आहे, अशी तिची भूमिका होती. सप्टेंबरमध्ये विक्री बंद झाली आणि कंपनीने 'सीव्हीएस हेल्थ' हे नाव धारण केले. यामुळे वर्षाला सुमारे २ अब्ज डॉलरची विक्री गमावण्याचा तिचा अंदाज होता. आदल्या वर्षीची तिची उलाढाल सुमारे १२६ अब्ज डॉलर होती, म्हणजे हा त्याग सुमारे दीड टक्क्याचा होता. त्यागाची रक्कम अशी एकूण उलाढालीशी ताडून पाहिल्यावरच त्याचे खरे वजन कळते.

गुंतवणूक

'बीपी' या ब्रिटिश तेलकंपनीने २००० साली सूर्यफुलासारखे नवे बोधचिन्ह आणि 'पेट्रोलियमच्या पलीकडे' या अर्थाचे घोषवाक्य स्वीकारले. तिचा मुख्य व्यवसाय मात्र तेल आणि वायूचाच राहिला, आणि २०११ मध्ये तिने सौरऊर्जा व्यवसायातून माघार जाहीर केली. २०३० पर्यंत तेल-वायू उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट तिने २०२० मध्ये ठेवले होते. ते २०२३ मध्ये २५ टक्क्यांवर आणले गेले आणि २०२५ मध्ये सोडून देण्यात आले. असे बदल जाहिरातींत दिसत नाहीत. त्यासाठी लागोपाठच्या वार्षिक अहवालांतील भांडवली खर्चाचे आकडे आणि जुनी उद्दिष्टे शेजारी ठेवून वाचावी लागतात.

सुसंगती

कंपन्या व्यापारी संघटनांमार्फत सरकारी धोरणांवर प्रभाव टाकतात. संघटनेची भूमिका कंपनीच्या घोषित उद्देशाविरुद्ध असेल, तर तो उद्देश संशयास्पद ठरतो. अमेरिकेचे 'चेंबर ऑफ कॉमर्स' परदेशांतील धूम्रपानविरोधी कायद्यांना विरोध करत असल्याची वृत्ते आल्यानंतर, जुलै २०१५ मध्ये सीव्हीएसने त्याचे सदस्यत्व सोडले.

मर्यादा

एका विषयातील प्रामाणिकपणा हा कंपनीच्या सर्व वर्तनाचा दाखला ठरत नाही. अफूजन्य वेदनाशामकांच्या विक्रीसंबंधीच्या दाव्यांत सीव्हीएसने २०२२ मध्ये, दोष मान्य न करता, सुमारे ५ अब्ज डॉलरची तडजोड स्वीकारली. म्हणून निष्कर्ष संपूर्ण कंपनीविषयी न काढता त्या-त्या दाव्यापुरताच काढणे योग्य ठरते.