शेवटच्या टिंबानंतर

वेबसाइटचा पत्ता आपण डावीकडून वाचतो, कारण आपली लिपी तशी जाते. संगणक मात्र तो उजवीकडून वाचतो. पोस्टमन पाकिटावर आधी गावाचं नाव पाहतो, मग गल्ली आणि मग घर, तसंच काहीसं. सातबारा पाहायला आपण `bhulekh.mahabhumi.gov.in` उघडतो, तेव्हा यंत्र आधी `in` पाहतं, मग `gov`, मग `mahabhumi` आणि सगळ्यात शेवटी `bhulekh`. त्यामुळे पत्त्यातली सगळ्यात वजनदार माहिती शेपटाशी असते. हे शेपूट नेमकं काय सांगतं, याबद्दल बराच गैरसमज आहे. डॉट ऑर्ग म्हणजे सेवाभावी संस्था, डॉट इन म्हणजे भारतीय, डॉट कॉम म्हणजे व्यापारी, असं आपण गृहीत धरतो. माझं म्हणणं असं की अक्षरांच्या अर्थावरून काही कळत नाही. ते नाव देण्याआधी दारावर कोणी चौकशी करतो की नाही, एवढ्यावरच त्या शेपटाची किंमत ठरते. हे पटवायचं तर कुळापासून सुरुवात करावी लागेल.

अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अर्पानेटवर सुरुवातीला शेपटं नव्हतीच. प्रत्येक यंत्राला एक साधं नाव असे आणि सगळी नावं `HOSTS.TXT` नावाच्या एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती फाइल सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, ते यादीत भर घालायचे आणि बाकी सगळे ती फाइल उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. यादी सतत जुनी पडे आणि तेच नाव दोघांना हवं असे. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी त्यावर झाडासारखी रचना सुचवली. वर एक मूळ, त्याखाली मोजक्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीवरची नावं त्या फांदीच्या मालकाने सांभाळायची. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी पहिल्या फांद्या जाहीर केल्या : `gov`, `edu`, `com`, `mil`, `org`, तात्पुरती म्हणून `arpa`, आणि त्यांच्या जोडीला देशांची दोन अक्षरी चिन्हं.

या यादीत दोन गोष्टी दडलेल्या आहेत आणि आजचा सगळा घोळ त्यांतूनच निघतो. पहिली म्हणजे नुसतं `gov` हे अमेरिकन सरकारचं आहे. जाळं त्यांचं होतं, वापरणारे बहुतेक त्यांचेच होते, त्यामुळे ‘सरकार’ म्हटल्यावर कुठलं सरकार, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. म्हणूनच आपल्या सरकारला `gov` च्या पुढे `in` लावावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही यादी केली तेव्हा जाळ्यावरचे लोक एकमेकांना नावाने किंवा संस्थेने ओळखत होते. `com` कोणी घ्यावं आणि `org` कोणी, हे सांगणारी ती वर्गवारी होती, एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटांवरच्या चिठ्ठ्यांसारखी. खोटं बोलून चुकीच्या कपाटात कोणी शिरेल, हा विचार तिच्यात नव्हता. `org` ची व्याख्या तर मुळात ‘बाकी कशातच न बसणारे’ अशीच होती. सेवाभाव, धर्मादाय, ना-नफा यांची अट तिच्यात नव्हती आणि आजही नाही. पैसे भरून कोणीही डॉट ऑर्ग घेऊ शकतो.

तरीही डॉट ऑर्गभोवती विश्वासाचं वलय आहे, कारण विकिपीडियासारख्या अनेक चांगल्या संस्था तिथे राहायला गेल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात ही फांदी सांभाळणारी ना-नफा संस्था १ अब्ज १३.५ कोटी डॉलरला एका गुंतवणूक कंपनीला विकण्याचा करार जाहीर झाला, तेव्हा जगभरच्या संस्थांनी विरोध केला आणि ३० एप्रिल २०२० रोजी नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅनने त्या व्यवहाराला मंजुरी नाकारली. मला तो विरोध योग्य वाटतो. पण त्यातून डॉट ऑर्गचा भाव आला कुठून, हेही दिसतं. तो भाव तिथल्या रहिवाशांनी कमावला, दारावर तर कोणी नव्हतंच. चांगल्या वस्तीत घर भाड्याने घेणाऱ्या ठगालाही त्या वस्तीचा पत्ता मिळतोच.

देशांच्या चिन्हांचीही हीच कथा. कोण देश आणि कोण नाही, या वादात पोस्टेल यांना पडायचं नव्हतं. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशचिन्हांची यादी आधीपासून तयार होती, तीच त्यांनी उचलली. तिच्यात भारताचं चिन्ह `IN`. डॉट इनची नोंद ८ मे १९८९ ची आहे आणि तिचा कारभार अनेक वर्षं मुंबईत, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून म्हणजे एनसीएसटीतून चालला. हे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालं. त्या काळात नाव मिळवणं अवघड होतं. कंपनीला नोंदणीचे कागद दाखवावे लागत, शिक्षणसंस्थेला आपण शिक्षणसंस्था आहोत हे सिद्ध करावं लागे. दारावरची चौकशी कडक, त्यामुळे नावं फार थोडी. लोक कंटाळून डॉट कॉमकडे वळत. २००५ साली धोरण बदललं. कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे म्हणजे निक्सीकडे गेला आणि डॉट इन, डॉट को डॉट इन, डॉट ऑर्ग डॉट इन ही दारं सगळ्यांना उघडली. भारतात राहण्याचीही अट राहिली नाही. नावं झपाट्याने वाढली, आणि त्याच दिवसापासून डॉट इनचा ‘भारतीय’ हा अर्थ पुसट झाला. तुवालूचं `tv` वाहिन्या वापरतात, अँग्विला या चिमुकल्या बेटाचं `ai` तंत्रज्ञान कंपन्या वापरतात, तसंच थोड्याफार फरकाने हेही.

मात्र डॉट इनच्या आत काही दारं बंदच ठेवली गेली. `gov.in` हे त्यांतलं मुख्य. इथे बंद दार म्हणजे काय, ते जवळून पाहू. आपण सातबाऱ्याचा पत्ता टाकला की तो शोधणारं यंत्र आधी मुळाकडे जातं आणि विचारतं, `in` कोणाकडे आहे? उत्तर येतं, निक्सीच्या यंत्रांकडे. तिथे विचारलं जातं, `gov.in` कोणाकडे? उत्तर येतं, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे. आणि `mahabhumi` हे नाव त्या यादीत असलं तरच पुढची वाट सापडते. एनआयसीने स्वतः नोंद केल्याशिवाय `gov.in` च्या लगेच डाव्या बाजूला एकही नाव जन्माला येऊ शकत नाही, आणि नोंदीसाठी सरकारी खात्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र लागतं.

आता समजा कोणी `mahabhumi-gov.in` असं नाव घेतलं. हे नाव मी उदाहरणापुरतं रचलं आहे. डोळ्याला फरक एका चिन्हाचा, टिंबाच्या जागी आडवी रेघ. पण टिंबाने फांदी बदलते, रेघेने बदलत नाही. इथे `mahabhumi-gov` हा एकच अखंड शब्द थेट `in` खाली बसला आहे, आणि `in` खाली कोणीही बसू शकतो. एनआयसीचा या पत्त्याशी संबंधच येत नाही. दुसरी युक्ती याहून फसवी : `mahabhumi.gov.in.example.com`. डावीकडून वाचणारा `gov.in` पर्यंत येतो आणि निश्चिंत होतो. खरा मालक मात्र शेवटी बसला आहे, `example.com`. वाचायची रीत अशी : `https://` नंतरची पहिली तिरपी रेघ शोधा, तिच्या लगेच डावीकडचं शेपूट पाहा आणि तिथून मागे मागे या. तिरप्या रेघेच्या उजवीकडे काहीही लिहिलेलं असो, तिथे `gov.in` असलं तरी त्याला अर्थ नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो कुलपाचा. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसलं की पत्ता सुरक्षित, मग शेपूट कशाला तपासायचं? पण ते कुलूप फक्त एवढंच सांगतं की तुमचं बोलणं वाटेत कोणी ऐकत नाही. तुम्ही बोलताय कोणाशी, याची हमी त्यात नाही. आपल्या ताब्यातल्या कुठल्याही नावासाठी ते प्रमाणपत्र फुकट मिळतं, ठगालाही मिळतं.

दुसरा आक्षेप जास्त सबळ आहे : बंद दारंही फोडली जातात. ते खरं आहे. २०१९ साली अमेरिकेत एका संशोधकाने रोड आयलंडमधल्या एका लहान गावाच्या लेटरहेडवर खोटा अर्ज केला आणि त्याला चक्क डॉट गव्ह नाव मिळालं. पण पुढे काय झालं ते पाहायला हवं. मार्च २०२० पासून अर्जावरची सही नोटरीकडून प्रमाणित करून घेणं सक्तीचं झालं. पहारा होता, तो चुकला, म्हणून तो सुधारता आला. डॉट कॉमच्या दारात सुधारायला पहाराच नाही. सरकारी वेबसाइटमध्ये घुसून कोणी मजकूर बदलतो, तो प्रकार वेगळा. तिथे नाव खरंच असतं, घरात चोर शिरलेला असतो. शेपूट फक्त मालक सांगतं. मजकूर बरोबर आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये.

तिसरा आक्षेप असा की प्रामाणिक संस्थाही उघड्या दारातच बसतात, मग त्यांना संशयाने पाहायचं का? रेल्वेचं तिकीट `irctc.co.in` वर मिळतं, आणि `co.in` कोणालाही मिळतं. संशय घ्यायचं कारण नाही, पण अशा ठिकाणी शेपूट उपयोगाचं नाही, पूर्ण नावच पाठ हवं. सरकारी कामासाठी उघड्या दारातलं नाव घेण्यात आणखी एक धोका आहे. योजना संपते, नूतनीकरणाचे पैसे भरायचे राहतात, नाव सुटतं आणि ते कोणीही विकत घेतो. जुन्या परिपत्रकांवर, भिंतींवरच्या फलकांवर छापलेला पत्ता मग परक्याच्या दुकानात नेतो. `gov.in` खालचं नाव सुटलं तर बाहेरच्याला ते घेताच येत नाही. म्हणून सरकारी योजनेची वेबसाइट डॉट कॉमवर काढणं ही मला साधी हयगय वाटत नाही, तो नागरिकांवर टाकलेला धोका आहे.

बँकांच्या बाबतीत हे तत्त्व आपल्याकडे उशिरा का होईना मान्य झालं. बँकांची नावं कॉम, इन, को डॉट इन अशी विखुरलेली होती आणि त्यांच्या नकला करणं सोपं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने `bank.in` हे बंद दार जाहीर केलं. नावं देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे दिलं आणि एप्रिलच्या परिपत्रकाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे जायला सांगितलं. स्टेट बँक आता `sbi.bank.in` वर आहे. केवायसी अपुरी आहे, खातं बंद होईल, असा संदेश आला की त्यातल्या दुव्याला हात लावण्याआधी पहिल्या तिरप्या रेघेपाशी जा. तिच्या डावीकडे `.bank.in` नसेल, तर तिथे पासवर्ड टाकू नका. `-bank.in` असेल, तरीही नाही.