बग बाउंटी अहवाल

संगणकप्रणालीतील सुरक्षा-त्रुटी बक्षीस योजनेअंतर्गत मूळ कंपनीला कळवणारा लेखी अहवाल.

उगम : नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये अशी योजना सुरू केली, फेसबुकची योजना २०११ पासून आहे (पहा : सायबर सुरक्षा).

स्वरूप : पुण्याचे संशोधक प्रणव हिवरेकर यांनी जून २०१६ मध्ये फेसबुकला कळवलेली त्रुटी नमुनेदार आहे. प्रतिसादात व्हिडिओ जोडण्याची सोय तेव्हा नवी होती. आपल्या प्रतिसादाला दुसऱ्याच्या व्हिडिओचा क्रमांक जोडून तो प्रतिसाद पुसला, की मूळ व्हिडिओही नाहीसा होई. अशा त्रुटीच्या पुनरुत्पादनात दोन्ही खाती स्वतःची, चाचणीपुरती घ्यावी लागतात. पुसण्याआधी व नंतर दुसऱ्या खात्यातून व्हिडिओ उघडून पाहिला, तरच त्रुटी सिद्ध होते. परिणाम एका वाक्यात मावतो : कोणताही खातेदार परक्याचा व्हिडिओ परवानगीविना नष्ट करू शकतो.

तीव्रता : सीव्हीएसएस ३.१ मापनात केवळ अखंडतेची हानी धरल्यास गुण ६.५ (मध्यम) येतात. व्हिडिओ मालकालाही उपलब्ध राहत नसल्याने उपलब्धतेचीही हानी धरल्यास ८.१ (उच्च).

```
CVSS:3.1/AV:N/AC:L/PR:L/UI:N/S:U/C:N/I:H/A:H
```

महत्त्व : गुणांमागचे कारण लिहिलेले असल्यास कंपनीला दुरुस्तीचा क्रम ठरवता येतो (पहा : अधिकार-पडताळणी).