परतीची वाट उत्तरेकडून का?

* विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, ध्रुवांच्या दिशेने सरकते आणि ३० अंश अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. तिथून विषुववृत्ताकडे निघालेली हवा सरळ दक्षिणेला येत नाही. पृथ्वी फिरत असल्याने उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि ईशान्येकडून वाहते. हेच व्यापारी वारे. उलट, उत्तरेकडे निघालेली हवाही उजवीकडेच वळते आणि तिचे नैर्ऋत्येकडून येणारे पश्चिमी वारे होतात. कोलंबस १४९२ मध्ये कॅनरी बेटांवरून व्यापारी वाऱ्यांवर पश्चिमेला गेला. १४९३ मध्ये परतताना मात्र आधी ईशान्येकडे चढून पश्चिमी वाऱ्यांवर अझोर्सला पोहोचला. (वाऱ्यांच्या या वळण्याला ज्याचे नाव मिळाले, त्या कोरिऑलिसचा १८३५ चा निबंध फिरत्या यंत्रांविषयी होता, वाऱ्यांविषयी नव्हे.) — संपादक