श्योनाउची वीज : म्हणणं आणि घेणं यांतलं अंतर

आजचा विषय पर्यावरणपूरक ग्राहकाचा आहे, पण मी तो एका छोट्या गावाच्या इतिहासातून सांगणार आहे. प्रश्न तुम्हाला माहीत आहे. लोकांना विचारलं, की पर्यावरणाला कमी त्रास देणारी वस्तू मिळाली तर घ्याल का, तर बहुतेक जण हो म्हणतात. दुकानात मात्र ती वस्तू पडून राहते. ब्रिटनमध्ये २०००च्या सुमारास यालाच 'तीस आणि तीन' असं नाव पडलं. सुमारे तीस टक्के लोक आपण नैतिक खरेदीची काळजी करतो असं सांगत, आणि अशा मालाचा बाजारातला वाटा तीन टक्क्यांच्या आसपास राही. यावर सगळ्यात सोपं उत्तर असं, की लोक ढोंगी आहेत. हे उत्तर कितपत टिकतं, ते आपण आज तपासू.

त्यासाठी मी वीज निवडली आहे. साबण किंवा तांदूळ घेतला तर चव, वास, वेष्टन, सवय असं बरंच काही मध्ये येतं. विजेत तसं काही येत नाही. कोळशाची असो की पाण्याची, दिवा तसाच लागतो. तारही तीच आणि मीटरही तोच. त्यामुळे माणूस म्हणतो काय आणि घेतो काय, हे अंतर विजेत फार स्वच्छ दिसतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ग्राहकांना हिरवी वीज निवडता येऊ लागली. पाहण्यांमध्ये निम्म्याहून जास्त लोक ती हवी म्हणत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती घेणारे शंभरात एक-दोन निघाले.

आता गाव. जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात श्योनाउ नावाचं गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. १९८६च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला आणि किरणोत्सारी पाऊस या डोंगरांपर्यंत पोचला. मुलांना वाळूत खेळू द्यायचं का, दूध द्यायचं का, असे प्रश्न घराघरांत आले. त्यातून पालकांचा एक गट उभा राहिला. त्यात उर्सुला स्लाडेक ही शिक्षिका होती आणि तिचा नवरा मिखाएल हा गावातला डॉक्टर. सुरुवातीला त्यांनी वीज वाचवण्याच्या स्पर्धा घेतल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की वीज विकणाऱ्या कंपनीला आपण वीज वाचवलेली नको आहे.

ही कंपनी राइनफेल्डेनची, त्या भागातली मोठी वीज कंपनी. गावाशी तिचा करार संपायला अजून काही वर्षं होती, पण तिला तो आधीच वाढवून हवा होता. त्यासाठी तिने गावाला एक लाख मार्क देऊ केले. पालकांच्या गटाने वर्गणी काढली आणि सांगितलं, तेवढेच पैसे आम्ही देतो, सही करू नका. नगरपरिषदेने कंपनीच्या बाजूने कौल दिला, तेव्हा लोकांनी सार्वमत मागून घेतलं. ऑक्टोबर १९९१मध्ये ते झालं आणि सुमारे ५६ टक्के मतं पालकांच्या बाजूने पडली. पुढे गटाने स्वतःची वीज कंपनी काढली. मार्च १९९६मध्ये दुसरं सार्वमत झालं. मतदान भरघोस झालं आणि निकाल होता ५२ टक्क्यांच्या थोडा वर. म्हणजे गाव जवळजवळ मधोमध फाटलेलं.

मग तारांची किंमत ठरायची होती. जुन्या कंपनीने ८७ लाख मार्क मागितले. गटाच्या तज्ज्ञांच्या हिशोबाने किंमत त्याच्या निम्म्याहून कमी होती. पैसे जमवायला देशभर मोहीम निघाली. 'मी एक बिघाड आहे' हे तिचं घोषवाक्य. १ जुलै १९९७ रोजी जाळं गावाच्या कंपनीकडे आलं, आणि श्योनाउच्या प्रत्येक घरात, कुणी मागितलेली असो वा नसो, या कंपनीची वीज येऊ लागली.

इथपर्यंतची गोष्ट लढ्याची आहे. आपल्या विषयाची गोष्ट यापुढे सुरू होते. एप्रिल १९९८मध्ये जर्मनीत वीजबाजार खुला झाला. आता कोणीही आपला पुरवठादार बदलू शकत होतं. दोन वर्षांपूर्वी गावातल्या जवळजवळ निम्म्या मतदारांनी या कंपनीच्या विरोधात मत दिलं होतं. ते लोक निघून जातील, असं कुणालाही वाटलं असतं. ते गेले नाहीत. २००६मध्येही गावातली जवळजवळ सगळी घरं श्योनाउच्याच कंपनीकडे होती.

जरा थांबून याकडे नीट बघा. एरवी आपण तक्रार करतो, की लोक हिरवं म्हणतात आणि घेत नाहीत. इथे उलटं झालं. विरोधात मत दिलेले लोकसुद्धा हिरवीच वीज घेत राहिले. अंतर दोन्हीकडे आहे, फक्त दिशा वेगळी. मनातली निष्ठा हेच जर कारण असेल, तर दोन्ही दिशा एकाच कारणाने समजावता येत नाहीत.

आता कुणी म्हणेल, श्योनाउ वेगळं आहे. तिथे गावाचा अभिमान होता, शेजाऱ्यांची लाज होती. शिवाय विरोधकांचा राग हिरव्या विजेवर नसेलही. ही हौशी माणसं तारा सांभाळतील का, दिवे जाणार तर नाहीत ना, ही त्यांची भीती असू शकते. दिवे गेले नाहीत आणि भीती संपली. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरं उदाहरण लागतं, ज्यात लढा नाही, घोषणा नाही, डॉक्टर-शिक्षिकाही नाहीत.

ते उदाहरण त्याच भागातलं आहे, आणि गंमत म्हणजे त्याच जुन्या कंपनीचं. राइनफेल्डेनची कंपनी पुढे एनर्जीडिन्स्ट या नावाखाली आली. ऱ्हाईन नदीवर तिची मोठी जलविद्युत केंद्रं आहेत. १९९९मध्ये या कंपनीने आपल्या सुमारे दीड लाख ग्राहकांना एक पत्र पाठवलं. त्यात तीन दर होते. पहिला हिरव्या विजेचा, आधीच्या दरापेक्षा किंचित स्वस्त. दुसरा कमी हिरवा आणि पहिल्यापेक्षा सुमारे आठ टक्के स्वस्त. तिसरा जास्त हिरवा आणि पहिल्यापेक्षा सुमारे २३ टक्के महाग. पत्रातलं मुख्य वाक्य असं होतं, की पहिला दर हवा असेल तर काहीही करू नका. दुसरा किंवा तिसरा हवा असेल तर कळवा.

निकाल ऐका. सुमारे ९४ टक्के लोक पहिल्याच दरावर राहिले. स्वस्त दराकडे गेले ४.३ टक्के. जास्त हिरव्या दराकडे एक टक्काही गेला नाही. दुसऱ्या कंपनीकडे गेले ०.७ टक्के.

या आकड्यांत दोन गोष्टी एकाच वेळी आहेत. ज्या लोकांनी हिरवी वीज सोडली नाही, त्याच लोकांनी आणखी हिरवी वीज घेतलीही नाही. त्यांच्यातल्या शंभरातल्या एकानेही अर्ज करून महाग वीज मागितली नाही. आपण फक्त तिसरा दर पाहिला असता तर म्हटलं असतं, या लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही. फक्त पहिला पाहिला असता तर म्हटलं असतं, काय जागरूक लोक आहेत! माणसं तीच होती. फरक एवढाच, की एका दरासाठी काही करावं लागत होतं आणि दुसऱ्यासाठी नव्हतं. पिखर्ट आणि काट्सिकोपुलोस या दोन संशोधकांनी ही दोन्ही उदाहरणं २००८मध्ये एकत्र मांडली. काही न सांगता जे मिळतं, त्याला ते डिफॉल्ट म्हणतात.

असं का होतं? एक कारण कष्टाचं. पुरवठादार बदलायचा म्हणजे दर शोधा, तुलना करा, अर्ज भरा, आणि काही गडबड तर होणार नाही ना ही धास्ती बाळगा. वाचतात महिन्याचे थोडे पैसे. दुसरं कारण सूक्ष्म आहे. कंपनीने एक दर आधीच लावून दिला, की तो तिचा सल्ला वाटतो. तिसरं कारण असं, की हातात असलेली गोष्ट सोडायला माणूस जास्त किंमत मागतो. याच संशोधकांनी एका प्रयोगात विचारलं, तेव्हा हिरवी वीज मिळवायला लोक जेवढे पैसे द्यायला तयार होते, त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसे ती सोडायला मागत होते.

पुढे २०१५मध्ये एबेलिंग आणि लोट्झ यांचा जर्मनीतलाच प्रयोग प्रसिद्ध झाला. सुमारे ४२ हजार घरं एका वीज कंपनीच्या संकेतस्थळावर आली होती. तिथे हिरव्या विजेची एक छोटी चौकट होती. काहींना ती कोरी दिसली, काहींना आधीच खूण केलेली. कोरी चौकट दिसलेल्यांपैकी करार करताना सुमारे सात टक्क्यांनी हिरवी वीज घेतली. खूण केलेली दिसलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्क्यांनी.

आता याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. एनर्जीडिन्स्टचा पहिला दर आधीपेक्षा महाग नव्हता. तो दुप्पट असता तर लोक असे स्वस्थ बसले असते, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. दुसरं, ऱ्हाईनवरची केंद्रं आधीपासूनच चालू होती. लाखभर लोक कागदावर हिरवे झाले म्हणून नवं केंद्र उभं राहतंच असं नाही. हवेत फरक पडला का, हे पाहायचं तर त्या पैशातून नवी निर्मिती झाली का, ते विचारावं लागतं. श्योनाउची कंपनी ग्राहकांच्या बिलातला काही भाग नव्या छोट्या प्रकल्पांसाठी बाजूला काढते, ते याचसाठी.

आपल्याकडेही हा प्रश्न आला आहे. मार्च २०२१मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने हिरव्या विजेचा दर मंजूर केला. तेव्हाच्या दराने युनिटमागे ६६ पैसे जादा दिले, की ग्राहकाला आपली सगळी वीज अपारंपरिक स्रोतांची म्हणून घेता येत होती. पण ती मागावी लागते. म्हणजे चौकट कोरी आहे. उद्या कुणी पाहणी करून म्हणालं, की मुंबई-पुण्याच्या लोकांना हिरवी वीज हवी असते पण ती घेत नाहीत, तर त्यांच्या मनाविषयी बोलण्याआधी ती चौकट बघा.

(सभागृहातून प्रश्न : मग ही लोकांची एक प्रकारे फसवणूकच नाही का? न विचारता गळ्यात मारलं.)

चांगला प्रश्न आहे. एक लक्षात घ्या, डिफॉल्ट नसलेली वीज असत नाही. पत्राला उत्तर न देणाऱ्यालाही कुठली तरी वीज द्यावीच लागते. १९९९च्या आधीही त्याच्या गळ्यात काहीतरी मारलेलंच होतं, फक्त त्यात कोळसा आणि अणू होता आणि त्याबद्दल कुणी पत्र पाठवलं नव्हतं. फसवणूक आहे की नाही, हे मी दोन गोष्टींवरून ठरवीन. दर आणि स्रोत पत्रात स्पष्ट लिहिले होते का, आणि बाहेर पडायला एक ओळ लिहून चालत होतं का. जिथे बाहेर पडायचा रस्ता मुद्दाम अवघड केलेला असतो, तिथे तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आणि श्योनाउच्या लोकांना तर कुणी गृहीतच धरलं नव्हतं. ती चौकट कोणती असावी, यावर त्यांनी दोनदा मतदान केलं होतं.