स्कॅनमधला करडा रंग नेमका कुठून येतो?

समजा, एकाच रुग्णाचा डोक्याचा सीटी स्कॅन तुम्ही दोन पडद्यांवर उघडलात. एकावर मेंदूचं करडं आणि श्वेत द्रव्य वेगळं ओळखू येतंय, दुसऱ्यावर सगळा मेंदू एकसारखा. आता ही साधी गोष्ट नाही, कारण या दोन द्रव्यांमधला फरक पुसट होणं हे पक्षाघाताचं एक सुरुवातीचं लक्षण मानलं जातं. मग कुठल्या पडद्यावर विश्वास ठेवायचा?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. हे यंत्र मुळात फोटो काढत नव्हतं, ते आकडे मोजत होतं. ८० बाय ८० चौकटींचं जाळं, आणि प्रत्येक चौकटीत तिथल्या ऊतीने क्ष-किरण किती अडवले याचा एक आकडा. आज ज्याला हाउन्सफिल्ड एकक म्हणतात, त्यात पाणी शून्य आणि हवा उणे १०००. सुरुवातीच्या यंत्रांत मात्र हवा उणे ५०० होती. त्यामुळे त्या काळातले शोधनिबंध वाचताना आकडे दुप्पट करून मगच आजच्याशी ताडून बघा.

हे हजारो आकडे पडद्यावरच्या साधारण २५६ करड्या छटांमध्ये बसवायचे कसे? त्यासाठी आकड्यांचा एक पट्टा निवडतात, त्याला 'विंडो' म्हणतात. पट्ट्याखालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं.

आता हिशोब करून बघू. करडं द्रव्य ३७, श्वेत द्रव्य २७ धरा. मेंदूसाठीची विंडो ० ते ८० असेल, तर या १० एककांना सुमारे ३२ छटा मिळतात. फरक सहज दिसतो. हाडांसाठीची विंडो उणे ५०० ते १५०० असेल, तर त्याच १० एककांच्या वाट्याला जेमतेम एक छटा येते. मेंदू तोच, पण फरक गायब!

विंडो सारखी असूनही चित्र वेगळं दिसलं, तर मॉनिटरकडे बघा. तीच छटा प्रत्येक मॉनिटर वेगळ्या उजेडात दाखवतो, त्यात खोलीतल्या उजेडाची भर. म्हणूनच डायकॉम मानकात कुठल्या छटेला किती उजेड द्यायचा हे ठरवून दिलंय. निदानासाठीचे मॉनिटर त्यानुसार जुळवतात. घरचा लॅपटॉप सहसा तसा जुळवलेला नसतो.

त्यामुळे तुलना करताना आधी दोन्हीकडच्या विंडोचे आकडे वाचा, मग दोन्ही चित्रांत त्याच जागेची सरासरी मोजा. आकडे जुळले, तर फरक फक्त दाखवण्यातला आहे. ही तपासणी मूळ डायकॉम फाइलवरच करा, कारण जेपीईजीमध्ये विंडो कायमची गोठते आणि बाहेरचे आकडे परत मिळत नाहीत.

एमआरआयला मात्र ही युक्ती सरळ लावू नका. नेहमीच्या एमआरआय चित्रांत पाण्यासारखा ठरलेला शून्य नसतो. यंत्र बदललं की आकडेच बदलतात.